अनोव्हाचा तक्ता हाती आल्यावर: एफ आणि पी कसे वाचावे

आमच्याकडे आकडेमोडीसाठी येणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातील शिक्षकांसाठी आणि एम.एड.च्या विद्यार्थ्यांसाठी

समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. भरती-ओहोटीचा पाठ तीन पद्धतींनी शिकवला: वर्गात व्याख्यान, गटचर्चा आणि खाडीवर नेऊन प्रत्यक्ष निरीक्षण. प्रत्येक गटात 10 मुले, चाचणी 20 गुणांची. सरासरी अनुक्रमे 12, 13 आणि 15 आली. एक्सेलने दिलेला तक्ता असा:

```
Source of Variation   SS       df   MS      F      P-value  F crit
Between Groups        46.667    2   23.333  3.889  0.033    3.354
Within Groups        162.000   27    6.000
Total                208.667   29
```

आधी MS चा रकाना पाहा. खालचा 6 म्हणजे एकाच पद्धतीने शिकलेल्या मुलांच्या गुणांतला चढउतार, तो असायचाच. वरचा 23.333 हा गटांच्या सरासरींमधल्या फरकावरून येतो. वरच्याला खालच्याने भागले की एफ मिळतो, 3.889. पद्धतींमुळे काहीच फरक पडत नसता, तर एफ साधारण 1 च्या आसपास राहिला असता.

तिन्ही पद्धती खरोखर सारख्याच असत्या, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा एफ येण्याची शक्यता 100 मध्ये सुमारे 3, एवढेच पी सांगतो. ‘खाडीची पद्धत 97 टक्के खात्रीने सरस’ असा अर्थ त्यातून निघत नाही. प्रबंधात हे वाक्य दिसले की आम्ही ते बदलायला सांगतोच.

पी 0.05 पेक्षा कमी आहे, म्हणून तिन्ही सरासरी सारख्या आहेत हे गृहीत आपण सोडतो. पण कोणती पद्धत कोणापेक्षा वेगळी, हे या तक्त्यात नाही. त्यासाठी टुकीची चाचणी लागते आणि एक्सेल ती आपणहून देत नाही. 5 टक्के पातळीवर इथे दोन सरासरींत किमान 2.72 गुणांचा फरक हवा. खाडी आणि व्याख्यान यांत 3 गुणांचा फरक आहे, तो टिकतो. खाडी आणि गटचर्चा यांत 2 गुणांचाच, तो टिकत नाही. म्हणजे निरीक्षण व्याख्यानापेक्षा सरस ठरले, गटचर्चेपेक्षा सरस आहे असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. दोन्ही सारख्याच आहेत असेही लिहू नये. 10-10 मुलांत 2 गुणांचा खरा फरकही सहज निसटतो.

सगळ्यात मोठी अडचण मात्र तक्त्याबाहेरची असते. चिठ्ठ्या टाकून मुले वाटली नसतील, ‘अ’ तुकडीला व्याख्यान आणि ‘क’ तुकडीला खाडी असे केले असेल, तर हा फरक पद्धतीचा, तुकडीचा की शिकवणाऱ्या बाईंचा, हे एफवरून कळत नाही. पी कितीही लहान असला तरी नाही. म्हणून गुणांच्या यादीसोबत मुलांची वाटणी कशी केली आणि कोणत्या गटाला कोणी शिकवले, हे लिहून आणावे.