डायरेक्ट की इनडायरेक्ट? पंचाचा वर गेलेला हात काय सांगतो

पावसाळ्यात बेळगाव-खानापूर भागातल्या फुटबॉलच्या मैदानांवर एक प्रसंग हमखास घडतो. तांबड्या चिखलात बचावपटू चेंडू मागे गोलकीपरकडे ढकलतो, चेंडू मध्येच अडकतो, प्रतिस्पर्धी स्ट्रायकर धावत येतो आणि घाबरलेला गोलकीपर चेंडू हातात उचलतो. शिट्टी वाजते. कडेला उभे असलेले सगळे "पेनल्टी, पेनल्टी" म्हणून ओरडतात. पंच मात्र पेनल्टी स्पॉटकडे बोट न दाखवता एक हात सरळ डोक्यावर धरतो, म्हणजे इनडायरेक्ट फ्री किक. बरोबर निर्णय पंचाचाच असतो.

डायरेक्ट फ्री किकवर चेंडू एकाच फटक्यात समोरच्या गोलमध्ये गेला तर गोल. इनडायरेक्टवर किक मारणाऱ्याखेरीज आणखी कोणाचा तरी, आपल्या किंवा समोरच्या संघातल्या, चेंडूला स्पर्श व्हावा लागतो. तसा स्पर्श न होता चेंडू समोरच्या गोलमध्ये शिरला तर गोल नाही, बचाव करणाऱ्या संघाला गोल किक मिळते. फरक एवढाच. पण पंच कोणत्या वेळी कोणती किक देतो, इथे लोकांचा घोळ होतो. गुन्हा किती मोठा यावर ते ठरत नाही. गुन्हा कोणत्या प्रकारचा, यावर ठरतं.

उंच पाय घ्या. मैदानाच्या मध्यभागी चेंडू छातीच्या उंचीवर आला आहे. बचावपटूने तो मारायला बूट डोक्यापर्यंत उचलला. जवळ कोणीच नसेल तर काहीच गुन्हा नाही, पाय कितीही उंच जाऊ दे. समोरचा खेळाडू हेडरसाठी आला आणि बूट पाहून लागण्याच्या भीतीने मागे सरला, तर तो धोकादायक खेळ झाला आणि किक इनडायरेक्ट. तोच बूट त्याच्या गालाला लागला, तर किक डायरेक्ट. धोकादायक खेळ असो की कोणाची वाट अडवणं असो, अंगाला अंग लागलं की शिक्षा डायरेक्टच्या रांगेत जाते. म्हणून अशा वेळी पंच बुटाच्या उंचीपेक्षा अंगाला स्पर्श झाला की नाही याकडे बघतो.

ढकलणं, पाडणं, लाथ मारणं, धक्का देणं, उडी घेऊन अंगावर जाणं या गोष्टी निष्काळजीपणे, बेफिकिरीने किंवा प्रमाणाबाहेर जोर लावून केल्या तर डायरेक्ट. लाथ घालण्याचा, मारण्याचा किंवा पाडण्याचा नुसता प्रयत्नही डायरेक्टमध्येच येतो. धरून ठेवणं, थुंकणं, चावणं आणि हँडबॉलही तिथेच. हाच गुन्हा स्वतःच्या पेनल्टी एरियात घडला की त्याची पेनल्टी होते. कार्डाचा हिशेब मात्र वेगळा आहे. निष्काळजीपणाला कार्ड नाही, बेफिकिरीला पिवळं, प्रमाणाबाहेर जोर लावला तर लाल. त्यामुळे "कार्ड नाही म्हणजे इनडायरेक्ट" हा आपल्याकडे ऐकू येणारा तर्क चुकीचा आहे. इनडायरेक्टच्या बाजूला उरतात ऑफसाइड, पंचाशी हुज्जत, अंगाला न लागता वाट अडवणं, गोलकीपर चेंडू सोडत असताना त्याला अडथळा करणं, आणि गोलकीपरचे स्वतःचे काही गुन्हे.

आता त्या चिखलातल्या चेंडूकडे येऊ. स्वतःच्या पेनल्टी एरियात गोलकीपरला हात लावायची मुभा असते, म्हणून तिथे त्याच्यावर हँडबॉलची पेनल्टी होत नाही. पण 1992 पासून एक बंधन आहे: सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू त्याने हातात घ्यायचा नाही. घेतला तर इनडायरेक्ट. सहकाऱ्याच्या थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूलाही हेच लागू. "मुद्दाम" आणि "पायाने" हे दोन शब्द पंच तपासतो. बचावपटू दूर मारायला गेला आणि चेंडू बुटावरून निसटून मागे गेला, तर गोलकीपरने उचलायला हरकत नाही. डोक्याने, छातीने किंवा गुडघ्याने दिला तरी चालतो. मात्र नियमाला बगल द्यायची म्हणून कोणी चेंडू पायावर उचलून स्वतःच डोक्याने गोलकीपरकडे दिला, तर तीही इनडायरेक्ट, आणि युक्ती करणाऱ्याला पिवळं कार्ड. गोलकीपरने चेंडू पायाने मैदानात मारायचा स्पष्ट प्रयत्न केला आणि तो फसला, तर मग त्याने हात लावला तरी चालतो. चिखलात हे वारंवार घडतं.

समजा, गोलकीपरने असा बॅकपास गोलरेषेपासून 3 मीटरवर उचलला. किक तिथूनच घेतली जात नाही. ती जागा गोल एरियाच्या आत पडते, म्हणून चेंडू गोलरेषेला समांतर असलेल्या गोल एरियाच्या रेषेवर, सर्वांत जवळच्या बिंदूवर ठेवतात. गोलरेषेपासून ते अंतर 5.5 मीटर. बचाव करणाऱ्यांनी चेंडूपासून 9.15 मीटर दूर राहायचं असतं, पण गोलच इतका जवळ असताना ते शक्य नाही. म्हणून त्यांना दोन खांबांमधल्या गोलरेषेवर उभं राहण्याची मुभा आहे. दोन खांबांमध्ये अंतर 7.32 मीटर. खांद्याला खांदा लावून प्रत्येकाने अर्धा मीटर जागा व्यापली, तर अकरा जण साडेपाच मीटर झाकतात, म्हणजे जेमतेम पावणेदोन मीटर उघडं राहतं. सेकंदाला 20 मीटर वेगाने मारलेला चेंडू साधारण पाव सेकंदात रेषेवर पोहोचतो. उघडी जागा कमी आणि वेळही कमी, म्हणून पहिला हलका स्पर्श कसा होतो यावर सगळं अवलंबून राहतं.

चेंडूला लाथ लागून तो स्पष्टपणे हलला की खेळ सुरू होतो. त्या क्षणी भिंतीतले खेळाडू पुढे झेपावतात आणि कोन बंद होतो. म्हणून चेंडू थोडा बाजूला सरकवायचा आणि दुसऱ्याने तत्काळ मारायचा, ही पद्धत. इथेच गडबड होते. पहिल्याने चेंडूच्या माथ्यावर नुसता बुटाचा तळ टेकवला आणि चेंडू जागचा हलला नाही, तर किक झालीच नाही. मग दुसऱ्याचा फटका हीच पहिली किक ठरते, आणि तो थेट जाळ्यात गेला तर गोल मिळत नाही. पहिल्यानेच सरकवून पुन्हा स्वतः मारला तर उलट समोरच्या संघाला इनडायरेक्ट मिळते.

गोलकीपरने एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. कोणाचाही स्पर्श न झालेला फटका थेट येत असेल तर तो सोडून द्यावा. बोटांची टोकं लागून चेंडू आत गेला तर तो पूर्ण गोल धरतात, कारण दुसरा स्पर्श त्याचाच झालेला असतो. रेषेवरच्या बचावपटूच्या नडगीला लागून आत गेला तरी गोलच. पण मध्ये कोणाचा स्पर्श झाला की नाही याची खात्री नसेल, तर अडवणंच शहाणपणाचं.

एक जुनी समजूतही आता सोडायला हवी. गोलकीपरने चेंडू हातात सहा सेकंदांहून जास्त धरला तर इनडायरेक्ट, हे अनेकांच्या डोक्यात आहे. 2025-26 च्या नियमांपासून मर्यादा आठ सेकंदांची झाली आणि शिक्षा कॉर्नरची.

पंचाचा हात किक मारली जाताच खाली येत नाही. चेंडूला दुसऱ्या खेळाडूचा स्पर्श होईपर्यंत, तो मैदानाबाहेर जाईपर्यंत, किंवा थेट गोल होणं शक्य नाही हे स्पष्ट होईपर्यंत तो वर राहतो. नवखे पंच हा हात वर करायला विसरतात. पंचाने हात वर केला नाही आणि इनडायरेक्ट किक थेट गोलमध्ये गेली, तर गोलही नाही आणि गोल किकही नाही. किक त्याच जागेवरून पुन्हा घ्यावी लागते, आणि या वेळी हात वर करूनच.