आईने 'हो' म्हटलंय, पण खरंच हो आहे का?

एक छोटा चॅट बघा, मी बनवलेला आहे पण असे खूप घरांत सापडतील.

मुलगा: आई, आता आमच्याकडेच राहायला ये ना. मागची खोली रिकामीच आहे.
आई: हो, बघू. खोली छानच आहे. तुम्ही दोघं घरूनच काम करता ना हल्ली?
मुलगा: त्याचं काही टेन्शन नाही. तू फक्त ये, बाकी आम्ही बघतो.
आई: बरं. माझं कपाट मावेल का तिथे?
मुलगा: नवीन घेऊ ना!
आई: 👍 आणि इथलं घर बंदच ठेवायचं का?

वरवर वाचलं तर सगळं ठरलंय. पण संभाषणाचा अभ्यास करणाऱ्या अनिता पोमेरँट्झ यांनी 1984 मध्ये दाखवलं की मनापासूनचा होकार सहसा लगेच आणि सरळ येतो, आणि नकार द्यायचा असला की माणूस थांबतो, आधी थोडं 'हो' म्हणतो, मग हळूच दुसरीकडे वळतो. आईचं 'हो, बघू' तसंच आहे, होकार दोन शब्दांत आटपला आणि मग प्रश्न सुरू झाले.

आता ते प्रश्न ओळीने बघा, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. घरून काम करता का, म्हणजे बहुतेक मी दिवसभर तुमच्या मध्ये येईन का. कपाट मावेल का, म्हणजे त्या घरात माझं असं काही असेल का. आणि घर बंदच ठेवायचं का, म्हणजे नाही जमलं तर मला परत येता येईल का. मुलगा प्रत्येक वेळी सामानाचं किंवा सोयीचं उत्तर देतो, म्हणून ती नवीन प्रश्न घेऊन येते, आणि शेवटच्या प्रश्नाला तर उत्तरच नाही.

मुलाचंही बघा हं, त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पहिल्या मेसेजमधलं 'आता' कशासाठी? बहुतेक तिच्या एकटं राहण्याची भीती वाटतेय पण ते लिहिलेलं नाही, आणि 'बाकी आम्ही बघतो' हे प्रेमाने म्हटलंय तरी त्यात तिने काही ठरवायची जागा उरत नाही.

पण हे सगळे अंदाज आहेत. समोरासमोर बोलताना एक सेकंदाची शांतता पण जाणवते, चॅटमध्ये उत्तर चार तासांनी आलं तर ती कदाचित झोपली असेल, त्यावरून काहीच काढू नका. आवाज नसल्यामुळे अंदाज जास्त चुकतात, आणि गंमत म्हणजे लिहिणाऱ्याला वाटतं आपला सूर समोरच्याला कळलाच, 2005 च्या ईमेलवरच्या एका प्रयोगात हेच दिसलं होतं. शिवाय आई प्रत्येक गोष्टीलाच 'बघू' म्हणत असेल तर इथल्या 'बघू'ला फार वजन नाही, म्हणून आधीचे साधे मेसेज शेजारी ठेवून वाचायचे.

अंदाज तपासायचा तो पुढच्या मेसेजवरून. 'तुला काय काळजी वाटतेय' असं थेट विचारलं तर 'काही नाही रे' येईल. त्यापेक्षा तिचाच प्रश्न उचलायचा: 'घर सहा महिने तसंच ठेवूया का, तुला काय वाटतं?' यावर तीन-चार ओळी आल्या, त्यात किल्ली, शेजारी, अधूनमधून जाऊन येणं असं काही आलं तर अंदाज बरोबर असण्याची शक्यता वाढली. 'तुम्ही ठरवा' एवढंच आलं तर काळजी दुसरीकडे असेल, मग कपाटाचा प्रश्न घ्यायचा.