आजोबा गोव्याचे, वडील नाशिकचे: पोर्तुगीज नागरिकत्वाची साखळी कुठे तुटते?

रामकुंडावर तीर्थोपाध्याय नामावळी काढून बसतात. त्या जाड वहीत पणजोबांचं नाव, मूळ गाव आणि ते कोणत्या कार्याला आले होते हे सगळं एका ओळीत सापडतं. गोव्यातून येऊन नाशकात स्थिरावलेल्या घरांना आपलं गाव पेडण्यातलं की फोंड्यातलं, हे कळायला ही वही फार उपयोगी पडते. पण गोव्यातल्या पूर्वजांच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व मागायला गेलं, की लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात ती पुरावा म्हणून चालत नाही. तिथे सरकारी जन्मनोंदच लागते.

नागरिकत्वाच्या या हक्काचं मूळ गोव्याच्या इतिहासात आहे. 1910 ला पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं आणि जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद चर्चकडून सरकारकडे गेली. गोव्यातही तेच झालं, त्यामुळे हिंदू घरांतल्या नोंदीही सरकारी दप्तरात येऊ लागल्या. पोर्तुगालच्या कायद्याने गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगीजच होता. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. 1962 च्या आदेशाने भारताने गोवेकरांना आपलं नागरिकत्व दिलं आणि 31 डिसेंबर 1974 च्या करारात पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. 1975 मध्ये पोर्तुगालने आफ्रिकेतल्या जुन्या वसाहतींमधल्या बहुतेकांचं नागरिकत्व काढून घेतलं. पण तो कायदा स्वतंत्र देश झालेल्या प्रदेशांसाठी होता. गोवा वेगळा देश झाला नव्हता, तो भारतात सामील झाला होता. म्हणून मुक्तीपूर्वी तिथे जन्मलेल्यांचा हक्क शाबूत राहिला, आणि 1981 च्या नागरिकत्व कायद्याने तो पुढच्या पिढीपर्यंत पोचला.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. आजोबांचा जन्म 1928 चा, फोंड्याजवळचा. ते नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला आले. वडील 1957 ला नाशकात जन्मले आणि नात 1990 ला. नातीला थेट उडी मारता येत नाही. आधी आजोबांचा जन्म लिस्बनच्या दप्तरात चढवायचा, मग त्यांचं लग्न. त्यानंतर वडिलांनी, पोर्तुगीज माणसाचा मुलगा म्हणून, स्वतः अर्ज करायचा. वडिलांची नोंद झाली की मग नातीचा क्रम. वडील अर्ज न करताच गेले तर हा रस्ता बंद होतो. मग नातवंडांसाठीची वेगळी तरतूद उरते, आणि तिथे पोर्तुगीज भाषा यावी लागते.

आजोबांचा कागद मिळवणं सगळ्यात कठीण असेल असं वाटतं, पण ते बहुतेकदा तुलनेने सोपं जातं. गोव्यातल्या नोंदवहीत त्या जन्माचं हाताने लिहिलेलं पान असतं आणि समासात पुढच्या घडामोडींचे शेरे असतात. त्या पानाची संपूर्ण नक्कल घ्यायची, छोटा दाखला नव्हे. नावं वाचताना थोडं अडखळायला होतं, कारण 'श' साठी एक्स आणि 'क' साठी सी किंवा क्यू वापरलेलं असतं. प्रभूचे 'पोरोबो' होतात, कामतांचे 'कामोतिम'. अशा वेळी नुसत्या नावावर न जाता बापाचं नाव, आईचं नाव, गाव आणि तारीख अशी चारही जुळवून पाहावी.

खरी गाठ नाशकात बसते. वडिलांचा जन्म घरीच झाला होता आणि नोंद कोणी केली नव्हती. 2011 मध्ये पासपोर्टसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन ती महापालिकेत करून घेतली. भारतात हा दाखला पूर्ण वैध आहे. पण पोर्तुगीज कायदा विचारतो की बाप-लेकाचं नातं मूल सज्ञान होण्याआधी कागदावर आलं होतं का? 2011 ला वडील 54 वर्षांचे होते. इथे शाळा सोडल्याचा दाखला जोडला तरी तो जन्मनोंदीची जागा घेत नाही.

अशा वेळी आधार मिळतो तो आजी-आजोबांच्या लग्नाचा. ते गोव्यात, वडिलांच्या जन्माआधी नोंदलेलं असेल तर पितृत्व लग्नावरूनच गृहीत धरलं जातं. पण लग्न नाशकात, मांडवात लागलं असेल आणि नोंदलंच नसेल, तर दोघंही गेल्यावर ती नोंद करायची कशी? माझ्या पाहण्यात इथेच सगळ्यात जास्त घरं अडतात, आणि तोवर दाखले, भाषांतरं, कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा अपोस्टिलचा शिक्का यांवर बराच पैसा गेलेला असतो. तो जाताना बघून जीव तुटतो.

आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांना आधीच सांगायला हवी. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं आणि पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळू शकतं, पण मतदानाचा हक्क आणि शेतजमीन विकत घेण्याची मुभा त्यात नाही.

म्हणून गोव्याची गाडी पकडण्याआधी कपाटातला वडिलांचा जन्मदाखला काढा. त्यावर एकाहून जास्त तारखा असतात. जन्माची सगळेच वाचतात, तुम्ही नोंदणीची तारीख वाचा.