अंधाराच्या जागेत उगवलेलं जंगल

बाजूने दिसणारा एक चेहरा. कपाळ, नाक, हनुवटी यांची रेघ स्पष्ट, पण आत कातडीऐवजी देवदारांची दाटी, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला फांद्या पांढऱ्या आकाशात विरत गेलेल्या. डबल एक्स्पोजरचं असं चित्र पाहिलं की एक प्रश्न पडतो. जंगल फक्त चेहऱ्याच्या आतच का दिसतं? बाहेरच्या पांढऱ्या भागात ते का उमटत नाही?

उत्तर फिल्मच्या स्वभावात आहे. फिल्मवर पडलेला प्रकाश परत काढून घेता येत नाही, त्यात भर तेवढी घालता येते. फिल्म पुढे न सरकवता त्याच चौकटीवर दुसरा फोटो घेतला की दुसऱ्याचा प्रकाश पहिल्यात मिळतो. पहिला फोटो पांढऱ्या भिंतीपुढच्या काळ्या चेहऱ्याचा, म्हणजे छायाकृतीचा असतो. त्यात जिथे लख्ख पांढरं होतं तिथली जागा भरलेली असते, आणखी प्रकाशाने तिथे काही बदलत नाही. जिथे काळं होतं तिथली फिल्म मात्र अजून जवळपास कोरी असते आणि दुसरं चित्र तिथेच उमटतं. म्हणजे छायाकृतीतला काळा भाग ही खरं तर जंगलासाठी राखून ठेवलेली रिकामी जागा असते. शेवटच्या चित्रात काळं उरतं ते दोन्ही वेळा जिथे अंधार होता तिथेच.

संगणकावर हेच काम Screen नावाचा ब्लेंड मोड, म्हणजे दोन थर एकमेकांत मिसळण्याची पद्धत, करतो. 0 म्हणजे काळं आणि 255 म्हणजे पांढरं धरलं, आणि a व b या दोन फोटोंतल्या एकाच जागेच्या छटा असल्या, तर त्याचं गणित असं:

```
255 - (255 - a) * (255 - b) / 255
```

आता एक उदाहरण घेऊ. छायाकृतीचा काळा 20 आहे. जंगलातली गडद पानं 40 आणि आकाश 240. सूत्रात घातलं तर पानं साधारण 57 वर येतात आणि आकाश 241 वर. दोघांत भरपूर अंतर राहतं, म्हणून जंगल खणखणीत दिसतं. पार्श्वभूमी 250 असेल तर तिथे पानं आणि आकाश दोन्ही 250 च्या वरच जातात आणि डोळ्याला नुसतं पांढरं दिसतं.

पुष्कळ जण Screen ऐवजी वरच्या थराची Opacity 50 टक्के करतात. तिथेच चित्र बिघडतं, कारण ती बेरीज नसून सरासरी असते. पार्श्वभूमीचे 250 आणि पानांचे 40 मिळून 145 होतात, आणि झाडं चेहऱ्याबाहेरही धुरकट उमटतात.

माझा स्वतःचा पहिला प्रयत्न मात्र वेगळ्या कारणाने फसला होता. मोड बरोबर होता, पण मित्राला मी पांढऱ्या भिंतीला जवळजवळ चिकटून उभं केलं होतं. भिंतीवरून परतलेला प्रकाश त्याच्या गालावर वळून आला आणि जो गाल 20 असायला हवा होता तो 110 झाला. आता तेच गणित करा: पानं 133, आकाश 246. अंतर 184 वरून 113 वर आलं आणि सगळं जंगल दुधात बुडवल्यासारखं दिसू लागलं. त्याला भिंतीपासून दोनेक मीटर पुढे आणलं, खोलीतले बाकीचे दिवे बंद केले आणि प्रकाश फक्त भिंतीवर ठेवला, तेव्हा गाल काळा झाला.

एक्स्पोजर चेहऱ्यावरून मोजू नये, भिंतीवरून मोजावं. मीटर पांढऱ्या भिंतीलाही मधल्या करड्या छटेत आणू पाहतो, म्हणून त्याच्या सांगण्यापेक्षा दीड-दोन स्टॉप जास्त द्यावं लागतं. बरोबर जमलं की हिस्टोग्राममध्ये दोन टोकांना दोन डोंगर दिसतात आणि मधली दरी जवळपास रिकामी असते. दरी भरलेली दिसली, तर प्रकाश अजून चेहऱ्यावर येतो आहे.

मग जंगल कुठे ठेवायचं? माझ्या मते चित्राचा जीव इथे आहे. आकाश उजळ असतं, म्हणून ते छायाकृतीच्या ज्या कडेवर येईल ती कड पुसून टाकतं. माणूस ओळखू येतो तो कपाळ, नाक, ओठ, हनुवटी या रेघेवरून, तेव्हा तिच्यामागे दाट, गडद झाडीच हवी. आकाश डोक्याच्या मागच्या बाजूला किंवा माथ्यावर न्यावं. तिथली कड पुसली गेली तरी डोळा ती आपोआप पूर्ण करतो, आणि केसांच्या जागी शेंडे उरतात. शहराच्या इमारती घेतल्या तरी नियम हाच. फक्त त्यांच्या सरळ रेघा नाकाच्या वळणाला समांतर आल्या तर नाकच हरवतं.

काळा पुरेसा काळा नसेल तर Levels मधली काळी टोकाची खूण उजवीकडे सरकवता येते. थोड्या फरकासाठी हे ठीक आहे. 110 चा गाल 20 वर ओढायला गेलो, तर कडेचे करडे, भुरभुरणारे केसही काळे होतात आणि डोक्याची कड कात्रीने कापल्यासारखी दिसते. असं झालं की मी फाइल बंद करतो आणि भिंतीपुढे पुन्हा फोटो घेतो.