संदर्भित कर्णशूल

कान ठणकतो, पण तपासणीत कानात काहीच सापडत नाही, अशा दुखण्याला संदर्भित कर्णशूल म्हणतात. दुखण्याचे मूळ दाढेत, टॉन्सिलमध्ये, घशात किंवा जबड्याच्या सांध्यात असते आणि जाणवते मात्र ते कानात. हे दुखणे रुग्णाच्या मनाचा खेळ नाही. कान खरोखरच दुखत असतो. तो आजारी नसतो एवढेच.

कान निर्दोष आहे हे आधी नीट ठरवावे लागते. ऑटोस्कोपमधून पाहिल्यावर पडदा करडा व चकचकीत दिसतो आणि त्यावर प्रकाशाचा त्रिकोण नेहमीच्या जागी असतो. पाळी ओढली किंवा कानाच्या तोंडाशी असलेला छोटा उंचवटा दाबला तरी दुखणे वाढत नाही. बाहेरच्या कानाच्या संसर्गात नेमके याच्या उलट घडते, तिथे नुसता हात लागला तरी रुग्ण कळवळतो. कान वाहत नाही आणि ऐकायला पूर्वीसारखेच येते. एवढे जुळले की कानात आणखी शोधत बसण्यात अर्थ नसतो. तोंड उघडायला सांगावे.

याचे कारण मज्जातंतूंच्या मांडणीत आहे. कानासारख्या लहान अवयवाला मेंदूकडून येणाऱ्या पाचव्या, सातव्या, नवव्या आणि दहाव्या मज्जातंतूंच्या तसेच मानेतल्या दुसऱ्या व तिसऱ्या मज्जातंतूंच्या शाखा संवेदना पुरवतात. हेच तंतू पुढे इतर अवयवांनाही जातात. पाचव्या तंतूची खालची शाखा खालच्या दाढांना आणि जबड्याच्या सांध्याला जाते, नववा टॉन्सिलला आणि जिभेच्या मुळाला, दहावा स्वरयंत्राला आणि त्याच्या आसपासच्या घशाला. दाढेकडून आणि कानाकडून आलेले संदेश मेंदूच्या बुंध्यात त्याच पेशींवर येऊन मिळतात, आणि निरोप नेमका कुठून आला हे मेंदूला वेगळे ओळखता येत नाही. दहाव्या तंतूचा कानाशी असलेला संबंध घरीही दिसतो: कान साफ करताना काही जणांना एकाएकी खोकला येतो.

दातांपैकी कानात दुखणे पाठवतात त्या मुख्यतः खालच्या दाढा, आणि त्याही त्याच बाजूच्या. डावी दाढ उजव्या कानात ठणका सहसा देत नाही. इथे सर्वांत फसवी गोष्ट ही की सुरुवातीला दाढ स्वतः दुखेलच असे नाही. कीड आत शिरून दाढेतल्या मगजाला सूज येते तेव्हा दुखणे नेमके कोणत्या दाताचे, हे सांगण्याची सोय मगजात नसते. संसर्ग मुळाच्या टोकातून बाहेर पडून दाताभोवतीच्या तंतुमय आवरणापर्यंत पोचला, की चावताना ‘हीच ती दाढ’ असे बोट ठेवता येते. म्हणजे कान जास्त ठणकतो त्या टप्प्यावर दाढ ठोकून पाहिली तरी ती गप्प राहू शकते, आणि तपासणारा तिला निर्दोष समजून पुढे जातो.

नेहमी दिसणारे चित्र साधारण असे असते. पस्तिशीतल्या एका बाईंचा उजवा कान आठवडाभर ठणकतो आहे. दिवसा कमी, पण रात्री आडवे पडले की वाढतो. गरम चहा घेतला की कळ उठते, याकडे त्यांचे लक्ष विचारल्यावरच जाते. घरात लसूण घालून कोमट केलेले तेल कानात घालून झाले आहे आणि दुकानातून आणलेले थेंबही. फरक काहीच नाही; उलट तेलाच्या थरामुळे पडदा दिसायला वेळ लागला. कान स्वच्छ करून पाहिला तर पूर्ण निरोगी. खालच्या उजव्या बाजूच्या शेवटच्या दोन दाढांच्या मधल्या फटीत, वरून दिसणार नाही अशी कीड आहे. ठोकल्यावर दुखत नाही, पण थंड लावल्यावर उठलेली कळ थंडावा काढल्यावरही बराच वेळ टिकते. शेजारच्या दाढेची कळ लगेच विरते. छोट्या एक्स-रेमध्ये कीड मगजापर्यंत पोचलेली दिसते.

तरी शंका उरली तर दंतवैद्याकडे एक चांगला उपाय असतो. खालच्या जबड्याच्या मज्जातंतूजवळ लिग्नोकेनचे भूल देणारे इंजेक्शन दिले आणि काही मिनिटांत कानाचा ठणका थांबला, तर मूळ त्या बाजूच्या दातांतच आहे. उगमाची जागा बधिर केल्यावर दुखणे थांबते, हे अशा दुखण्याचे लक्षण आहे. पुढे रूट कॅनाल किंवा दाढ काढणे, यांपैकी जे योग्य ते. कानाच्या औषधांचा इथे काही उपयोग नाही.

टॉन्सिलचे दुखणे ओळखायला सोपे, कारण ते गिळताना कानात चमकते. लहान मूल मात्र ‘घसा दुखतो’ असे न म्हणता कानालाच हात लावते, म्हणून कानदुखीच्या मुलाचा घसा पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्यात कान ठणकणे अगदी सर्रास असते. आईवडिलांना वाटते की कानाला संसर्ग झाला, पण ते जखमेचे दुखणे असते आणि जखम भरेल तसे ओसरते. याउलट एका बाजूचा घसा आणि कान जोरात दुखतो, तोंड पुरते उघडत नाही, आवाज तोंडात घास असल्यासारखा येतो आणि पडजीभ दुसऱ्या बाजूला ढकललेली दिसते, तेव्हा टॉन्सिलमागे पू झालेला असतो. अशा रुग्णाने त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दात व टॉन्सिल ठीक निघाले तर जबड्याचा सांधा पाहायचा. कानासमोर बोट ठेवून तोंड उघडझाप केल्यावर तिथे दुखते किंवा कट् आवाज येतो. झोपेत दात खाणाऱ्यांत हे बरेच आढळते.

सर्वांत जास्त काळजीने पाहावे असे कारण म्हणजे घशाचा कर्करोग. जिभेच्या मुळाशी, टॉन्सिलमध्ये किंवा स्वरयंत्राच्या बाजूच्या खोलगट कप्प्यात गाठ वाढत असते आणि काही रुग्णांत एका कानाचे चिवट दुखणे हीच पहिली तक्रार असते. जीभ दाबून टॉर्चने पाहिले तर त्या खोलगट कप्प्यापर्यंत नजर पोचतच नाही, त्यामुळे ‘घसा साफ आहे’ हा शेरा तेवढ्यावर देऊ नये. नाकातून लवचीक दुर्बीण घालून स्वरयंत्रापर्यंत पाहावे लागते, जिभेचे मूळ आणि टॉन्सिल बोटाने चाचपावे लागतात आणि मानेत गाठ आहे का ते बघावे लागते. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्याच्या विक्रीवर बंदी असली तरी तंबाखू, मिश्री आणि सुपारीची सवय घरोघरी आहे. म्हणून चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, तंबाखू खाणाऱ्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाचा एकच कान दोन-तीन आठवडे दुखत राहिला, गिळताना अडकू लागले, आवाज बसला किंवा वजन उतरले, तर ही तपासणी लांबवू नये.

अशा माणसाच्या तोंडात किडलेली दाढ बहुधा सापडतेच, आणि ती सापडली की शोध थांबण्याचा धोका असतो. दाढेवर उपचार झाल्यावर कानाचा ठणका काही दिवसांत जायला हवा. तो गेला नाही, तर कारण दाढेत नव्हते असे धरून कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीने घसा पाहावा, आणि दुर्बिणीतही काही दिसले नाही तर मानेचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून घ्यावा.