कुत्र्यांमधील कीटकदंश आणि चेहऱ्यावरची सूज

मधमाशी, गांधीलमाशी किंवा मुंगी चावल्यावर कुत्र्याच्या शरीरात हिस्टामिन सुटून ओठ, पापण्या आणि नाकाभोवतीचा भाग अचानक सुजतो, त्या स्थितीविषयीची ही नोंद. कुत्रे उडणारी माशी तोंडाने पकडायला जाते, म्हणून दंश बहुधा तोंडावर किंवा पंजावर होतो. सूज साधारण अर्ध्या तासात दिसू लागते. कुत्रे तोंड जमिनीवर घासते, आणि कधी अंगावर गांधी उठून केस ठिकठिकाणी उभे राहिल्यासारखे दिसतात.

सुजलेले तोंड पाहून मालक घाबरतो, पण खरा धोका अनेकदा वेगळ्याच ठिकाणी असतो. तीव्र ॲलर्जीत माणसाला मुख्यतः श्वासाचा त्रास होतो. कुत्र्यात मात्र यकृत आणि आतड्यांवर पहिला आघात होतो. यकृतातल्या शिरा आवळतात, रक्त तिथेच साचते आणि हृदयाकडे कमी पोहोचते. त्यामुळे दंशानंतर काही मिनिटांत उलटी, जुलाब (कधी रक्तमिश्रित), लटपटणे आणि कोसळणे ही लक्षणे येतात, आणि कधी चेहरा अजिबात सुजलेला नसतो. सूज नाही म्हणून निश्चिंत राहणे ही इथली नेहमीची चूक.

दोन्हींतला फरक हिरड्यांवरून बराचसा कळतो. हिरडी बोटाने दाबून सोडली की पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. समजा, १० किलोच्या कुत्र्याला ओठावर मधमाशी चावली, वीस मिनिटांत वरचा ओठ आणि एक डोळा सुजला. पण ते चालते-फिरते आहे, हिरड्या गुलाबी आहेत. अशा वेळी काटा दिसत असल्यास लगेच काढावा. तो नखाने खरवडला की चिमट्याने ओढला, यापेक्षा वेळ महत्त्वाचा, कारण विष पहिल्या मिनिटाभरातच बहुतेक आत जाते. (गांधीलमाशी सहसा काटा सोडत नाही, तो शोधत बसू नये.) पट्टा सैल करून कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा आणि पशुवैद्याला फोन करावा. अशी सूज एक-दोन दिवसांत उतरते. ॲलर्जीची गोळी त्यांना विचारूनच द्यावी. माणसांच्या काही गोळ्यांत सर्दीचे औषधही मिसळलेले असते, ते कुत्र्याला घातक ठरते.

त्याच कुत्र्याने दहाव्या मिनिटाला उलटी केली, हिरड्या फिक्या पडल्या किंवा पाय लटपटू लागले, तर गोळी चारण्यात वेळ घालवू नये. थेट दवाखाना गाठावा. तिथे स्नायूत ॲड्रेनॅलिन देतात, मात्रा किलोमागे सुमारे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे या कुत्र्याला ०.१ मिलिग्रॅम, सोबत शिरेतून सलाइन. हिस्टामिनरोधक औषध खाज आणि सूज कमी करते, कोसळलेला रक्तदाब मात्र वर आणत नाही.

घशात किंवा जिभेवर दंश झाला, श्वास घोरल्यासारखा येऊ लागला, तर हिरड्या गुलाबी असल्या तरी थांबू नये. पग, बुलडॉगसारख्या आखूड नाकाच्या जातींत श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो. मोहोळ उठून शेकडो डंख बसले तर ॲलर्जी नसतानाही विषाचा मारा जीवघेणा ठरतो. तेव्हा गडद तपकिरी लघवी दिसते आणि मूत्रपिंडांवर दोन-तीन दिवस लक्ष ठेवावे लागते.