कबरीची झियारत आणि वसीला

झियारत म्हणजे कबरीला भेट देणं, आणि वसीला धरणं (फिक्हच्या किताबांत तवस्सुल) म्हणजे अल्लाहकडे मागताना एखाद्या नबीला किंवा वलीला मध्ये घालणं. उरूस, संदल, गलेफ, फातिहा हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. ख्वाजा बंदानवाज (मृत्यू १४२२) यांचा गुलबर्ग्याचा दर्गा इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, आणि नवस बोलून तिकडे जाणारे सगळे मुसलमानच असतात असंही नाही. या नोंदीत तोच प्रवास उदाहरण म्हणून घेतलाय, कारण फुकहांचं, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांचं, भांडण नेमकं कुठे सुरू होतं ते त्यातून पटकन कळतं.

कबरीवर जाणं (पुरुषांनी तरी) जायज आहे यावर फारसा वाद नाहीच. सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे की आधी मी तुम्हाला कबरींना जायला मना केलं होतं, आता जात जा. अडचण येते ती गाडीत बसताना, म्हणजे खास दर्ग्यासाठी प्रवास करण्यावर. बुखारी आणि मुस्लिम दोघांकडे हदीस आहे की तीन मशिदी सोडून कुठेही सामान बांधून निघू नका: मक्का, मदिना आणि अल-अक्सा. आता हे 'सोडून' नक्की कशातून सोडून? 'कुठल्याही मशिदीकडे' असं धरलं तर मनाई फक्त बाकीच्या मशिदींपुरती उरते आणि गुलबर्गा त्यात येतच नाही. 'कुठल्याही जागेकडे' धरलं तर मग व्यापाराला किंवा इल्म शिकायला जाणंही बंद होईल, म्हणून मनाईवाले म्हणतात की इथे इबादत समजून केलेला प्रवास अभिप्रेत आहे, आणि मग दर्गा त्यात येतो. मुसनद अहमदमधल्या एका रिवायतीत 'मशीद' हा शब्द स्पष्ट आहे, पण ती सांगणाऱ्यांपैकी एक रावी शहर बिन हौशब वादग्रस्त, त्यामुळे तिनेही निकाल लागत नाही.

हे भांडण इब्न तैमियांनी (१२६३–१३२८) काढलं असं सर्रास म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. त्यांच्या कितीतरी आधी शाफई पंथाचे अबू मुहम्मद जुवैनी आणि हंबली पंथाचे इब्न अकील यांनी असा प्रवास नाजायज म्हटला होता, तर हंबलींचेच मोठे फकीह इब्न कुदामा आणि शाफई नववी यांनी जायज; हदीसचा अर्थ या तिघींइतकी फजीलत दुसरीकडे नाही एवढाच, असा त्यांचा रोख. मोजून बघितलं तर पारडं यांच्याच बाजूला जड दिसतं. इब्न तैमियांना मात्र हाच, तोही बऱ्याच वर्षांपूर्वी दिलेला फतवा भोवला, १३२६ मध्ये दमिश्कच्या किल्ल्यात कैद झाली आणि तिथेच ते वारले. तकीउद्दीन सुबकी (मृत्यू १३५५) यांनी त्यांच्या विरोधात 'शिफाउस्सकाम' लिहिलं, त्याला इब्न अब्दुलहादी यांनी उत्तर दिलं.

समजा आपला माणूस गुलबर्ग्याला पोचला. मजारीसमोर तो काय बोलतो त्यावर पुढचा हुकूम. 'सलाम अलैकुम, अल्लाह तुम्हाला माफ करो' याला कुणाचीच हरकत नाही. 'या अल्लाह, या वलीच्या सदक्याने मला औलाद दे' हे इब्न तैमियांच्या मते बिदअत, म्हणजे दीनमध्ये नव्याने घुसवलेली गोष्ट, तर सुबकींच्या बाजूने दुरुस्त. 'या ख्वाजा, मला औलाद द्या' हे पहिल्या गटाला सरळ शिर्क, म्हणजे अल्लाहसोबत दुसऱ्याला भागीदार करणं, वाटतं, दुसरा गट म्हणतो देणारा अल्लाहच हे बोलणाऱ्याच्या मनात असतंच. मनातलं कोण तपासणार, म्हणून इथे बऱ्याच सावध उलेमांनीही हे तिसरं वाक्य टाळायलाच सांगितलंय, आणि ते रास्त वाटतं.

वसील्याची मुख्य दलील म्हणजे तिर्मिजीतली आंधळ्या माणसाची हदीस: पैगंबरांनी त्याला त्यांचाच वसीला धरून दुआ मागायला शिकवलं. विरोधक म्हणतात पैगंबर तेव्हा हयात होते, आणि वसीला त्यांच्या दुआचा होता. त्यांचा पुरावा बुखारीतला: दुष्काळात हजरत उमर यांनी पावसासाठी पैगंबरांचे चुलते अब्बास यांचा वसीला धरला, वफातीनंतरही चालत असतं तर चुलत्यांना पुढे का केलं असतं? समोरून उत्तर येतं की एक केलं म्हणजे दुसरं हराम ठरत नाही. तबरानींकडे वफातीनंतर तीच दुआ वापरल्याचा किस्सा आहे, पण तो भाग सहीह म्हणजे पक्का की जईफ म्हणजे कच्चा यावरच हदीस पारखणाऱ्या मुहद्दिसांचं जमत नाही.

आपल्याकडे हा वाद देवबंदी विरुद्ध बरेलवी असा ऐकू येतो, पण किताबी चित्र थोडं वेगळंय. साधारण १९०७ च्या 'अल-मुहन्नद' मध्ये देवबंदी खलील अहमद सहारनपुरी यांनी वफातीनंतरचाही वसीला जायज लिहिलाय, त्यांचा आक्षेप उरूस आणि मजारीभोवतीच्या रीतींवर; सरसकट नको म्हणणारे मुख्यतः अहले हदीस. उलट अहमद रजा खान बरेलवी (१८५६–१९२१) यांनी मजारीला सजदा हराम ठरवला आणि पैगंबरांचा रौजा सोडून बायकांनी कबरींवर जाऊ नये असंही लिहिलं. उरुसाच्या गर्दीत निम्म्या तरी बायकाच दिसतात हा भाग वेगळा.